मित्र पण वाचणार, आत्या पण वाचणार: एकच कॅप्शन दोघांना चालेल असं कसं लिहायचं

आपल्याला वाटतं नातेवाईकांसमोर कॅप्शन फसतं ते शिवीमुळे नाहीतर एखाद्या वाह्यात जोकमुळे. पण तसलं काही आपण स्वतःच गाळतो, लिस्टमध्ये काका-मावश्या बसल्यात हे माहीत असतंच ना. खरा घोळ होतो तो एकदम साध्या वाटणाऱ्या वाक्याचा. मित्राला मागची सगळी स्टोरी आधीच माहीत असते, त्यामुळे तो कॅप्शनमध्ये फक्त तुमचा सूर ऐकतो, मस्करी आहे का, रडगाणं आहे का, बढाई आहे का. आत्याला मागचं काहीच माहीत नसतं, तिच्यासाठी ते कॅप्शन म्हणजे बातमी. जे लिहिलंय तेच घडलंय असं धरून ती वाचते, आणि बातमी काळजीची वाटली तर तुम्हाला कमेंट करत नाही, सरळ तुमच्या आईला फोन लावते.

म्हणून कॅप्शन "सभ्य" करत बसायचं नाही. आधी त्यातली बातमी खरी आणि पूर्ण आहे का ते बघायचं, मग मस्करी कुठे ठेवायची ते ठरवायचं. खाली एकच उदाहरण घेऊन सगळ्या स्टेप्स करून दाखवतो.

समजा एकाने चार वर्षांनी नोकरी सोडली, स्वतःहून. दुसरी नोकरी पक्की आहे, पुढच्या महिन्यात जॉइन होणार, मधे महिनाभर सुट्टी. शेवटच्या दिवशी ऑफिसच्या दोस्तांबरोबर फोटो काढला आणि त्याच्याखाली हे टाइप केलं:

"अखेर सुटलो 😭💀 चार वर्षं पिळून काढलं, आता ऑफिशियली बेकार. पार्टी पाहिजे असेल तर पैसे तुम्हीच आणा रे, मी भिकारी आहे. उद्यापासून झोप, मग अजून झोप, मग उठायचं की नाही ते बघू"

मित्रांसाठी हे मस्त आहे, सगळे हसतील. आता हे जरा उघडून बघू.

पहिली स्टेप: आधी मित्रांसाठीचंच लिहा, बिनधास्त

बरेच जण सुरुवातीपासूनच "बाबा वाचतील" हे डोक्यात ठेवून लिहितात आणि मग जे बाहेर येतं ते शाळेच्या निबंधासारखं, "आज माझ्या आयुष्यातील एका पर्वाची सांगता होत आहे" वगैरे. मित्र ते वाचून विचारतात की अकाउंट हॅक झालंय का. त्यामुळे पहिलं व्हर्जन नोट्समध्ये लिहा, पोस्टच्या बॉक्समध्ये नको, चुकून अंगठा लागायचा. त्यात जे तोंडाला येतं ते येऊ द्या, कारण तुमचा सूर त्याच्यातच सापडतो आणि पुढे आपल्याला तोच वाचवायचाय.

दुसरी स्टेप: "याने टाकलंय की..." हे वाक्य पूर्ण करा

सगळ्यात कामाची स्टेप हीच आहे, बाकीच्या घाईत सुटल्या तरी ही सोडू नका. तुमचं कॅप्शन फोनवर एक नातेवाईक दुसऱ्याला कसं सांगेल ते एका वाक्यात बोलून बघा. इमोजी नाही, फोटो नाही, तुमचा आवाज नाही, फक्त मजकूर. "अगं, त्याने टाकलंय की..."

आपल्या उदाहरणात ते असं होतं: "अगं त्याने टाकलंय की तो बेकार झालाय, हातात पैसे नाहीयेत आणि ऑफिसात चार वर्षं फार त्रास दिला म्हणे." झालं. तीनपैकी दोन गोष्टी साफ खोट्या आणि तिसरी अर्धवट, आणि मजा म्हणजे सांगणाऱ्याने एक शब्द पदरचा घातलेला नाही, सगळं तुमचंच लिहिलेलं.

मग प्रत्येक तुकड्याला विचारायचं की हे शब्दशः धरलं तर खरं आहे का. "सुटलो" खरं आहे पण नोकरी गेली असं पण वाचता येतं. "बेकार" खोटं. "भिकारी" खोटं, आणि पैशाचा विषय असल्यामुळे सगळ्यात जास्त फिरणार तेच. "पिळून काढलं" हे ऑफिसबद्दल आहे, ते नातेवाईकांपेक्षा जुन्या बॉसला जास्त टोचेल, आणि कुठल्यातरी काकांच्या ओळखीत कुठलातरी बॉस निघतोच. आणि शेवटचं "उठायचं की नाही ते बघू", हे तर मित्रांनाही क्षणभर खटकू शकतं, मोठ्यांना तर वाचून धस्स होईल. झोपेबद्दलचा जोक होता, पण मजकूर तसं सांगत नाही.

मरणाचे, आजारपणाचे, पैसे संपल्याचे आणि घर सोडण्याचे जोक, हे चार विषय मोठी माणसं जवळजवळ कधीच जोक म्हणून वाचत नाहीत. "मेलो", "संपलो", "जीव गेला", "आता संन्यास" हे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो, समोरासमोर त्यांच्यापुढे म्हटलं तरी चालतं कारण चेहरा दिसतो. स्क्रीनवर चेहरा नसतो.

तिसरी स्टेप: पहिली ओळ बातमीची

आता वर एक साधं, खरं, पूर्ण वाक्य टाकायचं. काय झालं, आणि पुढे काय. दोन्ही पाहिजेत. नुसतं "नोकरी सोडली" लिहिलं की प्रश्न सुरू, का सोडली, आता काय करणार, लग्नाचं काय. "पुढे काय" लिहिलं की निम्मे फोन तिथेच वाचतात.

"चार वर्षांनी या ऑफिसचा निरोप घेतला. नवीन नोकरी पुढच्या महिन्यापासून, मधला महिना सुट्टी!"

ही ओळ सगळ्यात वरच पाहिजे, त्याला कारण आहे. इन्स्टाग्रामवर कॅप्शन २२०० अक्षरांपर्यंत लिहिता येतं, पण फीडमध्ये फक्त सुरुवातीचा तुकडा दिसतो आणि बाकीचं more च्या मागे जातं. फेसबुकवर पण लांब पोस्टला See more येतं. घाईत स्क्रोल करणारा माणूस ते दाबत नाही, त्याला जे वर दिसलं तेच त्याचं कॅप्शन. लोक नेमकं उलटं करतात, वर सस्पेन्सची ओळ ("आणि शेवटी तो दिवस आला...") आणि खुलासा खाली. मित्र उत्सुकतेने उघडतील, आजोबा न उघडताच काळजी करत बसतील. सस्पेन्स वापरायचाच असेल तर अशा बातमीला वापरा जिचा सगळ्यात वाईट अंदाज लावला तरी काही बिघडत नाही.

चौथी स्टेप: मस्करी हलवा, मारू नका

बातमी वर गेली की खालचा भाग मोकळा होतो. आता जोक ठेवता येतो, अट एकच, त्याने वरची बातमी फिरवायची नाही. "बेकार" हा शब्द बातमीलाच धक्का लावतो म्हणून तो जाणार. झोपेचा जोक बातमीला हात लावत नाही म्हणून तो राहणार, फक्त शेपूट कापून. पार्टीचा जोक ठेवता येईल पण "भिकारी" न म्हणता.

"महिन्याचा प्लॅन तयार आहे: झोप, जेवण, परत झोप. पार्टी मागणाऱ्यांनी रांगेत उभं राहावं, साहेब सध्या झोपलेत 😄"

मित्रांना अजून हसू येतं, आणि "याने टाकलंय की" केलं तर काय निघतं, "सुट्टी आहे, झोपा काढतोय म्हणे." निघू दे, खरंच आहे ते.

टोमणा मात्र सांभाळून. "किती छान वागवलं आम्हाला इथे, विसरणार नाही" असं तिरकस लिहिलं तर मित्र खो-खो हसतील आणि मोठी मंडळी खाली मनापासून लिहितील "कृतज्ञता असावी, खूप छान विचार". आणि मग त्या कमेंटवर मित्र हसतात. म्हणजे तुमच्या पोस्टवर तुमच्याच माणसाची थट्टा. अर्थ पूर्ण उलटा होतो असा टोमणा मिक्स पब्लिकमध्ये नकोच. थट्टा स्वतःची करा, आपल्या झोपेची, आपल्या आळसाची, ती दोन्हीकडे चालते. समोर नसलेल्याची केली की निम्म्यांना तो माणूस कोण तेच कळत नाही, आणि उरलेल्यांना जरा जास्तच कळतं.

इमोजीचं पण तसंच. 💀 म्हणजे हसून मेलो हे मित्रांना माहीत, मोठ्यांना ती कवटी दिसते. 😭 मित्रांसाठी हसणं, मोठ्यांसाठी रडणं, त्यामुळे "अखेर सुटलो 😭" म्हणजे बिचाऱ्याला रडू आलं. आणि हे उलटं पण चालतं बरं का, 🙂 हा मोठ्यांसाठी साधा हसरा चेहरा असतो आणि मित्र त्याला "आतून जळतोय" असं वाचतात. दोन्हीकडे एकच अर्थ जाणारे म्हणजे 😄 किंवा 😊, बोअर आहेत पण सेफ आहेत.

पाचवी स्टेप: हाक कोणाला मारताय

ही अडचण आपल्या भाषेत जरा जास्तच आहे. "सांगा रे", "बघ ना", "ये की लवकर", "भावा", असं काहीही लिहिलं की कॅप्शनची दिशा ठरते, ते मित्रांकडे तोंड करून बोलतंय. आजोबांना कोणी मुद्दाम "रे" म्हणत नाहीये हे त्यांनाही कळतं, पण मग त्यांना हे आपल्यासाठी नाहीच असं वाटतं आणि ते गप्प पुढे जातात. उलट "आपण सर्वांनी आशीर्वाद द्यावेत" लिहिलं की मित्र पळाले.

दोन मार्ग आहेत. एक म्हणजे हाकच मारायची नाही, सगळं स्वतःबद्दल बोलायचं, "मी हे केलं, आता हे करणार". दुसरा म्हणजे साधं "तुम्ही", रे-गं काढून. "सांगा रे कुठे फिरायला जाऊ" चं "सांगा, कुठे फिरायला जाऊ?" केलं की मित्राला ते अनेकवचन वाटतं आणि काकांना आदरार्थी, एकाच शब्दात दोन्ही कामं. मला स्वतःला हा मार्ग सगळ्यात जास्त आवडतो, कारण कोणालाच कळत नाही की आपण काही अॅडजस्ट केलंय. वर पार्टीच्या जोकमध्ये "उभं राहावं" आलंय ते पण त्यातलंच, कोणालाही थेट हाक नाही.

फोटोत किंवा मजकुरात घरची मोठी माणसं असतील तर क्रियापद घरात बोलता तसंच ठेवा. काही घरांत "आजी आली", काहींत "आजी आल्या". आपल्या आजीला आपण "आली" म्हणतो ते ठीक, पण सासरच्या, किंवा ज्यांच्याकडे मान जपून बोलायची पद्धत आहे अशांबद्दल लिहिताना "आल्या"च. आणि "म्हातारा जोशात आहे" हे घरात प्रेमाने चालत असेल, पण त्या आजोबांच्या बहिणीने ते वाचलं की प्रेम तिच्यापर्यंत पोचत नाही, फक्त "म्हातारा" पोचतो.

आभार मानणार असाल तर नावांच्या यादीत पडू नका. चार जणांची नावं घेतली की पाचवं कोण राहिलं तेच सगळे वाचतात, आणि राहिलेलं माणूस हमखास तेच असतं ज्याला लागणार असतं. "घरच्या सगळ्यांमुळे" एवढं पुरतं. एखाद्याचं नाव घेणं खरंच गरजेचं असेल तर फक्त त्या एकाचं घ्या आणि कशासाठी ते पण लिहा, मग ती यादी वाटत नाही.

सहावी स्टेप: पोस्टच्या आधीचे फोन

"आम्हाला फेसबुकवरून कळलं" हे वाक्य तुम्ही कितीही सुंदर कॅप्शन लिहिलं तरी येणारच, जर बातमी मोठी असेल आणि आधी सांगितलेलं नसेल. नोकरी, साखरपुडा, घर बदलणं, ऑपरेशन, असलं काही असेल तर ज्यांना राग येईल त्यांना आधी फोन, किमान मेसेज. मग पोस्ट. आणि आईवडिलांना कॅप्शनच वाचून दाखवा, कारण नंतरचे फोन त्यांना घ्यायचेत, त्यांच्याकडे उत्तर तयार पाहिजे. वाचताना ते जिथे थांबून "म्हणजे काय?" विचारतील ती ओळ बदलायची. समजावत बसू नका, कारण बाकीच्यांना समजवायला तुम्ही तिथे नसणार.

तसाच एक मेसेज मित्रांच्या ग्रुपवर पण टाका. कॅप्शन तुम्ही कितीही सांभाळा, खाली पहिलाच मित्र येऊन लिहितो "बॉसला शेवटी काय बोललास ते पण सांग ना", मग सगळं पाण्यात. "घरचे आहेत रे इथे, बाकी ग्रुपवर बोलू" एवढं पुरतं. तरीही कोणी लिहिलंच तर कमेंट डिलीट करा आणि त्याला पर्सनलवर सांगा, पोस्टखाली "अरे गप ना" लिहू नका, त्याने तर लोक अजून शोधायला लागतात.

फेसबुकवर टॅग करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा, टॅग केलं की पोस्ट त्या माणसाच्या फ्रेंड्सनाही दिसू शकते. म्हणजे तुम्ही तुमचे नातेवाईक मोजून लिहिलंत आणि टॅग केलेल्या मित्राचे नातेवाईक पण आले. नोकरी सोडल्याच्या पोस्टला जुन्या ऑफिसातल्या दोघांना टॅग करणं म्हणजे अख्ख्या ऑफिसला बोलावणं.

एका कॅप्शनमध्ये बसतच नसेल तर

काही गोष्टी बसत नाहीत. ऑफिसात खरंच त्रास झाला आणि ते मनापासून लिहायचंय, तर ते सगळ्यांसाठीच्या कॅप्शनमध्ये कोंबू नका, फोटो तोच ठेवून दोन ठिकाणी दोन मजकूर टाका. सगळ्यांसाठी वरची बातमी, आणि मोकळं बोलणं इन्स्टाच्या Close Friends ला. तिथे कोणाला घेतलं किंवा काढलं तर त्या माणसाला नोटिफिकेशन जात नाही. फेसबुकवर पोस्टच्या ऑडियन्समध्ये Friends except आणि Specific friends असतं. व्हॉट्सअॅप स्टेटसला My contacts except आणि Only share with.

यातलं except मला फारसं पटत नाही. एका आत्याला वगळलं आणि तिच्या मुलीला दिसतंय, तर मुलगी स्वयंपाकघरात आईला फोन दाखवणारच, आणि मग आत्याला मजकुरापेक्षा आपल्याला वगळलं याचंच जास्त लागतं. कोणाला दाखवायचं त्यांची छोटी लिस्ट करणं बरं. व्हॉट्सअॅपवर अजून एक, सेटिंग बदललं की ते पुढच्या स्टेटसला लागू होतं, आधी टाकलेल्याला नाही. म्हणजे टाकून झाल्यावर घाईघाईने काकांना वगळून उपयोग नाही, ते स्टेटस डिलीटच करावं लागतं. आणि स्क्रीनशॉट कुठलंच सेटिंग थांबवत नाही, त्यामुळे बाहेर गेलं तर खरंच संकट येईल असं काही छोट्या लिस्टमध्येही नको.

टाकल्यानंतर

शेवटी आपलं कॅप्शन असं झालं:

"चार वर्षांनी या ऑफिसचा निरोप घेतला. नवीन नोकरी पुढच्या महिन्यापासून, मधला महिना सुट्टी! महिन्याचा प्लॅन तयार आहे: झोप, जेवण, परत झोप. पार्टी मागणाऱ्यांनी रांगेत उभं राहावं, साहेब सध्या झोपलेत 😄"

पहिल्या व्हर्जनपेक्षा थोडं सौम्य आहे, नाही म्हणत नाही, पण सूर त्याच माणसाचा आहे.

पहिला एक तास फोन जवळ ठेवा, कारण गडबड असेल तर ती कमेंटमध्ये तेव्हाच दिसते. खूण अगदी सोपी: मित्र हसतायत आणि एखादी मावशी विचारतेय "काय झालं बाळा, सगळं ठीक ना?", म्हणजे बातमीची ओळ नीट पोचलेली नाही. उत्तर द्यायचं ते सरळ, जोक न करता, "हो मावशी, सगळं छान, नवीन नोकरी लागलीय, संध्याकाळी फोन करतो". आणि संध्याकाळी खरंच फोन करा. हे उत्तर तिच्यासाठी तर असतंच, पण तिच्यासारखेच गप्प राहून वाचणारे अजून सात-आठ जण असतात त्यांचंही काम होतं.

कॅप्शन एडिट करायचं ठरलं तर लवकर करा, आणि फक्त बातमीची ओळ स्पष्ट करा, सगळं पुन्हा लिहू नका. फेसबुकवर एडिट हिस्टरी बघता येते, जुना मजकूर तिथे तसाच राहतो. म्हणजे "भिकारी" काढून "सुट्टीवर" केलं तरी ज्याला बघायचंय तो दोन्ही बघू शकतो. तेवढं लाजिरवाणं काही गेलंच असेल तर एडिट न करता पोस्ट काढा आणि दुसऱ्या दिवशी नीट टाका.